‘धुवाले देल्ली’: बालनिवेदकाला दिसतं ते आणि असतं ते

कथेचा निवेदक मूल असतो तेव्हा एकाच वाक्याचे दोन वाचक तयार होतात. एक ते मूल, जे पाहिलेलं जसंच्या तसं सांगतं. दुसरा पुस्तक हातात धरलेला माणूस, ज्याला त्याच सांगण्यातून वेगळंच काही कळतं. मुलाला दिसलेलं आणि त्या दिसण्याचा खरा अर्थ यांत पडणारं अंतर हेच अशा कथेचं बळ असतं. हे अंतर मुलाच्या भाबडेपणातून आपोआप पडतं, असा एक समज आहे. तो खरा नाही. लेखकाला ते मोजूनमापून पाडावं लागतं आणि ते थोडं कमीजास्त झालं तरी कथा बिघडते.

यात मुलाची नजर चुकत नाही, चुकतो तो मुलाने लावलेला अर्थ. मूल पाहतं ते अचूक पाहतं. पुष्कळदा मोठ्यांपेक्षाही बारकाईने पाहतं, कारण कशाकडे दुर्लक्ष करायचं हे ते अजून शिकलेलं नसतं. त्याच्याकडे नसतो तो जगाचा हिशेब: पैसा, कर्ज, लाज, आजार, मरण, नवरा-बायकोमधला अबोला. त्यामुळे पाहिलेल्या गोष्टी एकमेकींना जोडताना ते आपल्याजवळचाच दोरा वापरतं. तो दोरा चुकीचा असला तरी मुलाच्या जगात अगदी रास्त असतो.

हे कसं घडतं ते एका उताऱ्यावरून नीट दिसेल. पुढचा उतारा या लेखासाठी रचलेला आहे. सांगणारा मुलगा सहा-सात वर्षांचा, वाशीमजवळच्या खेड्यातला. दिवस जून महिन्यातले, पेरणीच्या तोंडावरचे.

‘मायनं सकाईच नवं पातळ नेसलं. मले वाटलं, आपन बालाजीले चाललो. पन बसमधून उतरल्यावर आमी देवयाकडे गेलोच नाई. एका दुकानात गेलो. तिथं पांढऱ्या गादीवर एक काका बसला होता. त्याच्यापाशी काचेचं घर होतं अन् त्यात इवलासा तराजू. मायनं गळ्यातली पोत काढून बाबाच्या हातात देल्ली, बाबानं काकाले देल्ली. काकानं ती तराजूत ठेवली अन् काचेचं दार लावून घेतलं. पोतीले वारा लागू नये म्हनून असन. काका म्हने, “मनी वजा जातीन.” बाबा म्हने, “पाहा ना जरासं, पेरनी तोंडावर आली.” मंग काकानं मले गोयी देल्ली. लाल होती. त्यानं कागद लिवला. येताना आमी सोयाबीनच्या दोन थैल्या घेतल्या. एका थैलीवर मी बसलो. मायनं गळ्याभोवती पदर गुंडायला होता. ऊन तं नव्हतं. मी म्हनलं, “माय, तुही पोत त्या काकापाशीच राह्यली.” बाबा म्हने, “धुवाले देल्ली. दिवाईले आनू.” दिवाई लय लांब हाय. एवढे दिस धुवा लागते म्हंजे पोत लय मयली असन.’

या उताऱ्यात ‘गहाण’ हा शब्द एकदाही येत नाही. तरी वऱ्हाडातल्या वाचकाला सहाव्या-सातव्या वाक्यालाच सगळं कळून चुकतं. हे कळणं कुठून येतं ते पाहण्यासारखं आहे.

सुरुवात नव्या पातळापासून होते. मुलाला पातळाचा संबंध देवाशी माहीत आहे. वाशीमला नवं नेसून जायचं ते बालाजीच्या देवळात, एवढाच त्याचा अनुभव. अंगावरचं सोनं गहाण टाकायला जाताना बाई चांगलं नेसते, कारण त्या गादीपुढे गरीब दिसणं तिला नको असतं. हे त्याला कळण्याचं वय नाही. म्हणून तो पातळ पाहतो आणि देव जोडतो. वाचक तेच पातळ पाहतो आणि अब्रू जोडतो. पातळ एकच, जोड दोन.

काचेच्या घरातला तराजू आणखी बोलका आहे. सराफाचा तराजू काचेच्या पेटीत असतो तो वाऱ्याच्या झुळकीने काटा हलू नये म्हणून. इथे मूल जवळजवळ बरोबर आहे, वारा लागू नये हे खरंच आहे. त्याचं चुकतं ते एवढंच, की ही काळजी पोतीची आहे असं त्याला वाटतं. खरं तर काळजी वजनाची आहे. उत्तम बालनिवेदनात अशा अर्ध्या बरोबर चुका भेटतात. पूर्ण चूक असली की मूल बावळट वाटतं. अर्धी बरोबर असली की ते विचार करणारं मूल वाटतं आणि वाचक त्याच्या बाजूने उभा राहतो.

‘मनी वजा जातीन’ हे वाक्य मुलाला समजलेलं नाही, पण ऐकू आलेलं आहे. ते त्याने पोपटासारखं पुढे पोचवलं आहे. बालनिवेदनात मोठ्यांचं बोलणं हीच चोरवाट असते. मुलाच्या शब्दसंग्रहात ‘तारण’, ‘व्याज’, ‘मुदत’ घालता येत नाही. घातलं की आवाज फुटतो. मोठ्यांच्या तोंडी मात्र ते येऊ शकतं आणि मूल ते फक्त वाहून आणतं. काळे मणी सोन्याच्या भावात धरायचे नाहीत, निव्वळ सोनंच तोलायचं, एवढा अख्खा व्यवहार या तीन शब्दांत आहे. वाचकाला तो कळतो, मुलाच्या कानावरून जातो.

मग लाल गोळी येते. मोठ्यांच्या दृष्टीने त्या दुकानातली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कागद. मुलाच्या दृष्टीने गोळी. त्याने गोळीचा रंगही सांगितला आणि कागदाला दिलं तीन शब्दांचं वाक्य. लक्ष चुकीच्या जागी जाणं हे या तंत्राचं फार प्रभावी साधन आहे. जिथे मूल रेंगाळतं तिथे खरी घटना नसते. जिथून ते चटकन पुढे जातं तिथे असते. सरावलेला वाचक ही लय ओळखतो आणि लहान वाक्यापाशी थांबतो.

सोयाबीनच्या दोन थैल्यांचा मुलाला उपयोग बसण्यापुरता. शेती करणाऱ्या वाचकाला मात्र त्या थैल्या शेताचं माप सांगतात. एकरी साधारण 30 किलोच्या आसपास बियाणं लागतं, म्हणजे एकराला एक थैली. दोन थैल्या म्हणजे दोन एकरांची पेरणी. दोन एकरांसाठी गळ्यातली पोत गेली. ‘दिवाईले आनू’ या शब्दांतही शेतीचंच गणित आहे: जूनमध्ये पेरलेलं सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमाराला निघतं, तेव्हा हातात पैसा येतो. बापाने दिलेलं वचन पिकावर टांगलेलं आहे. मुलाला दिवाळी फक्त लांब वाटते.

या अंतराला एक मर्यादाही आहे. त्यातला बराचसा भाग वाचकाच्या स्वतःच्या माहितीवर उभा असतो. थैलीचा हिशेब वाशीम, अकोला, यवतमाळच्या वाचकाला सांगावा लागत नाही, मुंबईच्या वाचकाला तो कदाचित कळणारच नाही. म्हणून कसबी लेखक एकाच अर्थाकडे नेणाऱ्या दोन-तीन खुणा ठेवतो, ज्यांतली निदान एक कुणालाही कळेल. इथे ती खूण म्हणजे ऊन नसताना गळ्याभोवती गुंडाळलेला पदर. मोकळा गळा झाकणं कुठल्याही मराठी घरात समजतं. मुलाने ‘ऊन तं नव्हतं’ म्हणून त्या खुणेकडे बोट दाखवलं आहे आणि पुढे काही न बोलता ते खाली घेतलं आहे.

हाच उतारा सहज बिघडवता येतो. ‘पोत गहाण पडली हे मला पुढे कितीतरी वर्षांनी कळलं’ असं एक वाक्य शेवटी घातलं, की सांगणारा मुलगा नाहीसा होऊन आठवणी सांगणारा मोठा माणूस समोर येतो. ‘मायच्या डोळ्यांत हरल्याची छाया होती’ असं लिहिलं तर मुलाच्या तोंडून लेखक बोलायला लागतो. सात वर्षांच्या पोराला छाया दिसत नाही, आई दोनदा नाक पुसते ते दिसतं. तिसरा बिघाड उलट्या दिशेचा. पदर, थैल्या, ‘मनी वजा’ हे सगळं काढून टाकलं तर वाचकही मुलाइतकाच अंधारात राहतो. मग अंतर उरत नाही, नुसतं कोडं उरतं.

हे बिघाड ओळखायची एक सोपी रीत आहे. प्रत्येक वाक्य वाचताना विचारावं, हे किती उंचीवरून दिसतं? सात वर्षांचं मूल मोठ्या माणसाच्या कमरेच्या थोडं वर येतं. त्याला हात दिसतात, गादीची कड दिसते, थैली दिसते. चेहरे दिसतात ते खालून. ज्या वाक्यासाठी पाच फुटांची उंची लागते ते वाक्य मुलाचं नाही. जोडीला दुसरा प्रश्न: हे जोडायला मुलाजवळ काय आहे? पातळाला देव जोडता येतो, कारण तो अनुभव त्याच्याकडे आहे. पातळाला अब्रू जोडता येत नाही.

वयाची निवडही यातूनच ठरते. 1983 साली हाइन्ट्स विमर आणि योसेफ पेर्नर या मानसशास्त्रज्ञांनी मुलांवर केलेला एक प्रयोग या बाबतीत उपयोगी आहे. गोष्टीतला मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो. त्याच्या माघारी आई ते दुसरीकडे हलवते. तो परत आल्यावर चॉकलेट कुठे शोधेल, असं मुलांना विचारलं. अगदी लहान मुलांनी चॉकलेट आता जिथे आहे तीच जागा सांगितली. समोरच्याच्या मनात चुकीची समजूत असू शकते, ही कल्पना साधारण चार-पाच वर्षांच्या सुमाराला पक्की होत जाते. उपरोधाने बोललेलं कळायला त्याहून वेळ लागतो. त्यामुळे तीन वर्षांच्या मुलाला निवेदक केलं तर सगळंच धूसर होतं. बारा-तेराच्या मुलाला केलं तर गहाणवट त्याला कळणारच, मग अंतर दुसरीकडे शोधावं लागतं. सहा ते दहा हे वय बापाने सांगितलेल्या खोट्यासाठी फार नाजूक असतं. त्या वयात मूल बापावर विश्वास ठेवतं, पण पोत तिथेच राहिली हे मोठ्याने विचारतंही.

‘धुवाले देल्ली’ या खोट्याने अंतराचा प्रकारच बदलतो. त्याआधीचं अंतर मुलाच्या अज्ञानाचं होतं. इथून पुढे त्यात मोठ्यांनी केलेली लपवालपवही येते. ती दुष्टपणाची नाही, मायेची आहे. बाप पोराला वाचवतो आहे, बसमध्ये शेजारी बसलेल्यांपासून बायकोलाही वाचवतो आहे. वाचकाला हे दिसतं म्हणून तो बापावर रागावत नाही. मुलाच्या डोळ्यांतून पाहिलेले मोठे लोक अनेकदा मुलाला कळतात त्याहून चांगले निघतात, हा या तंत्राचा एक सुखद परिणाम आहे.

अज्ञान आणि लपवालपव यांच्या पलीकडे एक तिसरं अंतर आहे आणि मराठीत त्याचा सर्वांत मोलाचा नमुना प्रकाश नारायण संतांच्या लंपनमध्ये सापडतो. संत (1937–2003) कराडला भूशास्त्र शिकवत. कवयित्री इंदिरा संत त्यांच्या आई. ‘वनवास’ हा त्यांचा लंपनकथांचा पहिला संग्रह 1994 मध्ये आला. पुढे ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ आले. लंपन आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे, मराठी आणि कानडी दोन्ही कानांवर पडणाऱ्या सीमेवरच्या गावात राहतो आणि स्वतःची गोष्ट स्वतः सांगतो. ‘मॅड’ हा त्याचा सर्वांत वापरातला शब्द आणि मोठमोठे आकडे उगीच फेकणं ही त्याची सवय.

लंपनला कळत नाही असं नाही. त्याला कळतं, पण कळलेलं धरून ठेवायला शब्द नसतात; असले तरी तो ते वापरत नाही. आईवडिलांपासून दूर राहण्याचं दुःख तो थेट सांगत नाही. मनात काहीतरी झालं एवढं सांगतो आणि आकडा टाकून पुढे सरकतो. त्या आकड्याला मोजण्याचा काही अर्थ नाही, पण जिथे आकडा येतो तिथे काहीतरी दाटून आलेलं असतं. पोटात कालवाकालव होते हे मुलाला कळतं, तिला नाव नसतं, म्हणून ‘मॅड’. वाचक त्या एका शब्दाची दहा वेगवेगळी भाषांतरं करतो: कुठे लाज, कुठे आठवण, कुठे प्रेम, कुठे भीती. वऱ्हाडी उताऱ्यातल्या पोराला माहिती कमी पडते. लंपनला कमी पडतात ते शब्द. माहिती कधीतरी मिळून जाते, म्हणून पहिलं अंतर मिटतं. शब्दांचं अंतर मोठेपणीही पुरतं मिटत नाही. लंपनवर जीव लावणारे वाचक मुलांपेक्षा मोठ्यांतच जास्त आढळतात, त्याचं कारण बहुधा इथेच आहे.

इंग्रजीतल्या हेन्री जेम्सनेही याच जागी बोट ठेवलं होतं. ‘व्हॉट मेझी न्यू’ (1897) या कादंबरीत घटस्फोटित आईबापांमध्ये वाटली गेलेली मुलगी आहे. मुलांना जेवढं जाणवतं तेवढे शब्द त्यांच्यापाशी नसतात, असं जेम्सने पुढे तिच्या प्रस्तावनेत मांडलं. त्याने मात्र मेझीला बोलू दिलं नाही. तिचं पाहणं तृतीय पुरुषात, स्वतःच्या भरघोस भाषेत सांगितलं. संतांनी अवघड वाट निवडली: भाषाही मुलाचीच ठेवली.

शेजारी ‘श्यामची आई’ ठेवली की फरक आणखी उघड होतो. साने गुरुजींनी ती 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. तीत लहान श्याम आहे, पण सांगणारा श्याम मोठा आहे, आश्रमातल्या सोबत्यांपुढे रात्री रात्री आठवणी सांगतो. लहानपणी न कळलेलं आता कळलं आहे, हे तो लगेच सांगून टाकतो. अंतर उघडतं आणि तिथल्या तिथे मिटतं. ते मिटणं हाच त्या पुस्तकाचा हेतू आहे, त्यामुळे तो दोष म्हणता येत नाही. बालनिवेदन आणि बालपणाची आठवण हे दोन निराळे प्रकार आहेत आणि दोन्हींची मोजमापं एकच नव्हेत, एवढं मात्र ध्यानात ठेवायला हवं. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ (2004) मधला मुकुंद नववीतला. आणीबाणी त्याच्या आजूबाजूला आहे, पण त्याचं चित्त वर्गातल्या मुलीत. त्याच्या वयाला अंतर देशाच्या गोष्टींत पडतं, घरातल्या गोष्टी त्याला कळू लागलेल्या असतात.

अशा कथेचा शेवट करणं कठीण असतं. मुलाला खरं कळवून शेवट करायचा मोह होतो, आणि बऱ्याच कथा तिथेच सांडतात. कुणीतरी शेजारीण येते, ‘अगं, पोत गहाण टाकली ना’ म्हणते आणि मुलाच्या डोळ्यांत पाणी येतं. एवढं करून वाचकाला नवं काहीच मिळत नाही. त्याला आधीच ठाऊक असलेलं फक्त मुलाला कळतं.

याहून चांगला मार्ग म्हणजे मुलाने आपल्या चुकीच्या समजुतीवर विसंबून काहीतरी करणं. वऱ्हाडी उताऱ्याचं पुढचं टोक असं असू शकतं. पाऊस खंडतो, शेंगा भरत नाहीत, दिवाळी तोंडावर येते. पोत आलेली नाही. आईच्या गळ्यात काळ्या मण्यांचा नुसता दोरा आहे. मुलाला आठवतं, आजी दागिने रिठ्याच्या पाण्यात धुवायची. तो कुठून तरी मूठभर रिठे आणतो, वाटीत भिजत घालतो आणि बापाला म्हणतो, ‘त्या काकाले येत नसन तं पोत घरी आना. मी धुतो.’

त्याची समजूत अजून तीच आहे आणि खरं त्याला कोणीही सांगितलेलं नाही. पण आता तीच समजूत बापापुढे वाटीत उभी आहे. मुलाला काय वाटत होतं ते बापाला पहिल्यांदा कळतं, आपण सांगितलेलं खोटं पोराने चार महिने कसं सांभाळलं तेही. इतका वेळ अंतर मुलाच्या बाजूने दिसत होतं, इथे बाप त्याच्या पलीकडच्या काठावर येऊन उभा राहतो. यापुढे निवेदकाने फक्त दिसलेलं सांगायचं: बाबा उठले, वाटीतल्या फेसाकडे पाह्यलं, पायात चप्पल न घालता वावराकडे गेले. फेस खूप आला होता, हेही मूल सांगेल, कारण त्याला त्याचाच आनंद झालेला असेल.